कॅम्प कॉर्पोरेशनात गेला तर जागा कुणाची?

हायस्ट्रीटवाला: आमचं दुकान आणि वरचं घर बेळगावच्या कॅम्पात. फेब्रुवारी 2021 पासून कँटोन्मेंट बोर्डात आम्ही निवडून दिलेला एकही माणूस नाही. नागरी भाग महापालिकेत घालायचं घाटतंय म्हणतात. मी म्हणतो, लवकर घाला. तुमचं काय मत?

टिळकवाडीचा बाळू: घालाच की. आमच्याकडं आलात की जागा तुमच्या नावावर, उतारा तुमच्या नावावर. वर दोन मजले चढवा, बँक दारात येऊन कर्ज देईल. हिमाचलात योल कँटोन्मेंट 2023 ला मोडलंच ना? कॅम्पातले लोक उगीच ब्रिटिशांच्या काळात राहताहेत.

मिलिटरी महादेव परिसर: बाळू, तुझी टिळकवाडी बघूनच आम्हाला नको वाटतं ते. एकेका जुन्या वाड्याच्या जागी अपार्टमेंट, गाडी लावायला जागा नाही. आमच्याकडं झाडं आहेत, रस्ता झाडलेला असतो, रात्री शांतता असते. आणि लोकशाहीचं म्हणशील तर तुमच्या 58 वॉर्डांच्या कॉर्पोरेशनातसुद्धा मार्च 2019 ते सप्टेंबर 2021 एक नगरसेवक नव्हता. तेव्हा कुणी बोंब मारली नाही.

हायस्ट्रीटवाला: अडीच वर्षांनी का होईना, तुमची निवडणूक झाली. आमची 30 एप्रिल 2023 ला ठरली होती. फेब्रुवारीत जाहीर, मार्चमध्ये रद्द. आधी सात वॉर्डांतून सात जण निवडून यायचे. आता बोर्ड म्हणजे तीन माणसं: अध्यक्ष ब्रिगेडियर, सीईओ आणि सरकारनं नेमलेला एक नागरिक. तिघांतले दोघे बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. आमदार-खासदार बैठकीला बसतात, खरं त्यांना मत नाही. गटाराचं सांगायला जायचं कुणाकडं?

वकीलबाई, खानापूर रोड: तुमचा राग रास्त आहे. तीन माणसांचं बोर्ड 2006 च्या कँटोन्मेंट कायद्याच्या कलम 13 खाली येतं. ती खास परिस्थितीसाठी केलेली तात्पुरती सोय. मुदत एका वर्षाची, मग पुन्हा वाढवायची. तात्पुरत्या सोयीवर इतकी वर्षं गाव चालवणं मला पटत नाही.

बाळूचं म्हणणं मात्र खोडायला हवं, कारण त्यावर विसंबून लोक व्यवहार करतात. झाडूवाला कुणाचा हा एक प्रश्न आणि जमीन कुणाची हा दुसरा. विलीनीकरणानं पहिला सुटतो. केंद्रानं ठरवलेल्या अटी अशा की रस्ते, दिवे, दवाखाना अशा नागरी सोयींच्या मालमत्ता महापालिकेला फुकट द्यायच्या आणि कर महापालिकेनं लावायचा. पण जिथं जमिनीची मालकी भारत सरकारची आहे, तिथं ती सरकारकडेच राहणार.

माझ्याकडं आलेलं एक प्रकरण सांगते, ओळख लपवून. दोघे भाऊ. वडिलांनी 1978 ला एका जुन्या बंगल्याच्या आवारातलं घर रीतसर नोंदणी करून विकत घेतलं. आता वाटणी करायची आणि धाकट्याला वर एक मजला बांधायचा. मी आधी जीएलआरचा उतारा आणायला लावला. कॅम्पात मालकी बघायची ती या जनरल लँड रजिस्टरात, सिटी सर्व्हेत नाही. त्यात तीन रकाने वाचायचे: जमीनमालक कोण, ताबेदार कोण, ताबेदाराचा हक्क कसला. इथं मालक भारत सरकार, वर्ग बी-3, म्हणजे खाजगी ताब्यातली सरकारी जमीन, हक्क ‘ओल्ड ग्रँट’. ताबेदार म्हणून नाव वडिलांचं नव्हतंच. ज्यानं विकलं त्याच्या आजोबांचं होतं.

म्हणजे काय झालं? सब-रजिस्ट्रारनं खरेदीखत नोंदवलं, पण त्या हस्तांतराला लष्करी खात्याची परवानगी नव्हती, म्हणून जीएलआरमध्ये नाव चढलं नाही. ओल्ड ग्रँटमध्ये भिंती आणि छप्पर तुमचं, खालची जमीन सरकारची. सरकारला हवी झाली तर नोटीस देऊन परत घेता येते, आणि भरपाई मिळते ती मंजूर बांधकामाची. जागेचे तुकडे पाडायलाही परवानगी लागते. मजला बांधणार म्हणून बोर्डाला कलम 235 ची नोटीस दिली, बोर्डानं ती संरक्षण खात्याच्या जमिनी सांभाळणाऱ्या डिफेन्स इस्टेट्स ऑफिसरकडं धाडली, तिथून जमिनीच्या हक्कावरून हरकत आली. बँकेनं तर उतारा बघूनच फाइल परत केली. उद्या हे घर महापालिकेत गेलं तर नकाशा दुसऱ्या ऑफिसात जाईल. जीएलआरचा तो रकाना तसाच राहील.

टिळकवाडीचा बाळू: मग विलीन करून उपयोग काय? तसं असेल तर हा सगळा खेळच फुकटचा.

वकीलबाई, खानापूर रोड: सगळ्या जागा ओल्ड ग्रँट नाहीत. काही लीजवर आहेत, काही थोड्या खाजगी मालकीच्यासुद्धा. हायस्ट्रीटवाले बाजारभागात आहेत, तिथल्या जागांची व्यवस्था सहसा बोर्डाच्या ऑफिसकडं असते आणि बंगल्यांची डिफेन्स इस्टेट्सकडं. तुमचं लीज असेल तर मुदत कधी संपते, नूतनीकरण राहिलंय का ते आत्ता बघा. हद्द बदलताना थकलेलं लीज घेऊन उभं राहू नका.

सांबऱ्याचा शेतकरी: आमचंही असंच आहे. एअरफोर्सच्या भिंतीपासून जवळ शेत, घर बांधायला एनओसी मागतात. आम्ही पण कँटोन्मेंटात येतो काय? विलीनीकरण झालं की सुटेल ना?

वकीलबाई, खानापूर रोड: नाही. एअरफोर्स स्टेशन म्हणजे कँटोन्मेंट नव्हे. तुमची हद्द ग्रामपंचायतीची, जमीन तुमची, आरटीसी उतारा तुमच्या नावावर. तिथं अडचण संरक्षण आस्थापनेजवळच्या बांधकामाची आहे, त्याला 1903 चा वेगळा कायदा आणि एनओसीचे वेगळे नियम. कॅम्पाचं काहीही झालं तरी तुमचं तेच राहणार.

पुण्याहून माहेरवाशीण: पुण्यात आमच्या खडकी कँटोन्मेंटला जकातीच्या जागी आलेला एलबीटी कर गेल्यापासून बोर्डाला पगार भागवणं जड जातंय. बेळगावातही तेच कारण असेल.

हायस्ट्रीटवाला: ताई, कर्नाटकात जकात 1979 लाच गेली. आमचं दुखणं वेगळं. काल पथदिव्याचं विचारायला गेलो तर म्हणाले, ही बाजू एमईएसची, तिकडं सांगा.

मिलिटरी महादेव परिसर: एमईएसला दिव्यांचं काय कळतंय? ते मोर्चा काढतील.

हायस्ट्रीटवाला: अहो, महाराष्ट्र एकीकरण समिती नव्हे! मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस. लष्कराच्या ताब्यातले रस्ते, दिवे त्यांच्याकडं असतात. म्हणजे एकाच रस्त्यावर शंभर पावलं चाललं की तक्रार ऐकणारं ऑफिस बदलतं.

मराठी शाळेची माजी विद्यार्थिनी: एक कुणी बोलतच नाही. आत्ता बोर्डाची नोटीस इंग्रजी-हिंदीत येते, ती निदान मुलाकडून वाचून घेता येते. कॉर्पोरेशनात गेलं की घरपट्टीचा कागद कन्नडमधून. आमच्या आईनं सही कशावर करायची? मराठीतून कागद द्या म्हणून शहरातले लोक इतकी वर्षं मागताहेत, त्यांना मिळाले का?

टिळकवाडीचा बाळू: बोर्डानं तरी मराठीत दिलं काय कधी? मग हे कारण धरून थांबायचं कशाला?

मराठी शाळेची माजी विद्यार्थिनी: थांबा म्हणत नाही मी. आधी लिहून घ्या म्हणते.

मिलिटरी महादेव परिसर: वकीलबाई, एक सांगा. फक्त बाजारभाग दिला आणि बंगल्यांचा भाग लष्कराकडंच ठेवला, तर बंगल्यांत राहणाऱ्यांचं मत कुठल्या वॉर्डात पडणार?

वकीलबाई, खानापूर रोड: उरलेलं कँटोन्मेंट चालू राहिलं तर त्या बोर्डाच्या वॉर्डात, आणि त्या बोर्डाची निवडणूक सरकार लावेल तेव्हा. लष्कराचीच हद्द करून बोर्ड मोडलं, तर मत द्यायला बोर्डच उरत नाही. म्हणून माझं मत असं की बंगल्यांची रेघ कुठून जाते तो नकाशा बघितल्याशिवाय कुणी ‘हो’ म्हणू नये.

हायस्ट्रीटवाला: मी सोमवारी जीएलआर उताऱ्याचा अर्ज करतो. खरं मत बदललेलं नाही माझं. जागा सरकारची राहिली तरी चालेल, गटाराला नगरसेवक पाहिजे.