कोर्टाची डायरी मोबाईलमध्ये चढवणं खरंच अर्ध्या तासाचं काम आहे का?

मूळ पोस्ट: "वकिलाच्या डायरीचे फोटो काढा, अर्ध्या तासात सगळ्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये. आपल्या बेळगाव-खानापूरकडचे लोक अजून वह्या कशाला वागवतात?"

खानापूरचा कारकून: माझ्या तीन रात्री गेल्या. फोटोवरून अक्षरं काढली तर आमचा '१' झाला 9. दुपारी १ ची साक्ष सकाळी ९ ला जाऊन बसली. शेवटी पानं स्वतः वाचून एक्सेलमध्ये टाइप केली, CSV फाईल म्हणून सेव्ह केली आणि कॉम्प्युटरवरून गूगल कॅलेंडरमध्ये घातली. फोनच्या अ‍ॅपमध्ये ती सोयच नाही. तरी ५ जूनच्या तारखा ६ मे ला पडल्या, कारण तिथं महिना आधी लागतो. ५ जूनची बरोबर ओळ अशी:

```
Subject,Start Date,Start Time
दाव्याची साक्ष,06/05/2026,1:00 PM
```

तेरा तारखेपासून पुढं उलटं लिहिलं तर तेरावा महिनाच नाही, म्हणून चूक कळते. बारापर्यंतची गपचूप चुकते. पकडायची खूण म्हणजे डायरीत छापलेला वार. ५ जून शुक्रवार, फोनवर दिसत होता बुधवार.

टिळकवाडी: एवढं अवघड काही नाही हो. Reminder नावाचा रकाना वाढवा, त्यात 1 day लिहा, झालं.

खानापूरचा कारकून: करून बघा की! तो रकाना कुणी वाचतच नाही. आठवण लागते ती कॅलेंडरच्या सेटिंगमधली, अर्धा तास आधीची. धारवाड खंडपीठाच्या तारखेला अर्धा तास आधी घंटा वाजून काय उपयोग? गाडी आदल्या दिवशी ठरवावी लागते. म्हणून मी दोन नवी कॅलेंडरं केली, खानापूरचं आणि धारवाडचं. धारवाडला एक दिवस आधीची आठवण लावली आणि फाईलही दोन केल्या. बिघडलं तर ते कॅलेंडरच काढून टाकायचं, घरच्या नोंदींना धक्का नाही.

टिळकवाडी: बरं, रकान्याचं माझं चुकलं. पण दोन कॅलेंडरांचा पसारा मला अजून पटत नाही.

निपाणीचे सर: मूळ दुखणं वेगळंच आहे. आमच्या वकिलांचा नवा मदतनीस कन्नड अंक लिहितो. बोर्ड कन्नड, अर्ज कन्नड, आता आमची डायरीसुद्धा?

शहापूरची वहिनी: सर, त्या पोरावर कशाला राग? माझी जाऊ कन्नड घरातली. तिच्या भिशीच्या वहीतले अंक मी आठ दिवसांत शिकले.

निपाणीचे सर: भिशी चुकली तर पुढच्या महिन्यात भरता येते. माझ्या भावाच्या जमिनीच्या दाव्यात तारीख चुकली, गैरहजेरी लागली. ते तुम्ही भोगलेलं नाही.

शहापूरची वहिनी: ते वाईटच झालं, मान्य. पण तारीख अंकामुळं चुकली की ताडून न बघितल्यामुळं?

खानापूरचा कारकून: अंक कुठलेही असोत, मी आता महिना अक्षरात लिहितो आणि वेळेपुढं 'दुपारी' घालतो. वहिनींचं बरोबर आहे, नाइलाजानं म्हणतो. पण कोर्टात पुढची तारीख पुकारतात तेव्हा हातात डायरीच असते. ती संध्याकाळी फोनमध्ये कुणी घालायची, यावर आमच्या ऑफिसात अजून रोज वाद चालतो.