प्रेझेंटेशननंतरच्या मेलमध्ये ‘ठरलं’ असं कधी लिहायचं?

लोअरपरळकर: काल बीकेसीत क्लायंटला फरसाणाच्या पाकिटाचं डिझाइन दाखवलं. त्यांच्या मार्केटिंगच्या मॅडम म्हणाल्या, “सहा रंगांतच करू या, साहेबांना मी सांगते.” साहेब मीटिंगला नव्हते. आभाराच्या मेलमध्ये हे ‘ठरलं’ म्हणून टाकू का? आमचा बॉस म्हणतो टाक, दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर होकार समजायचा.

ठाणेकर: बॉस बरोबर आहे. ‘चर्चा झाली’ असं गुळमुळीत लिहिलंत तर महिनाभर काही हलणार नाही. ‘ठरलं’ लिहा, चुकलं असेल तर ते ओरडतीलच.

छापखान्यातला: ओरडतील, पण बिल आल्यावर. ग्रॅव्ह्युअर छपाईत सहा रंग म्हणजे सहा सिलिंडर. कोरून झाल्यावर साहेब म्हणाले “लाल जरा गडद हवा होता” आणि शाईवर भागलं नाही, तर तो सिलिंडर पुन्हा करावा लागतो. पैसे कुणी द्यायचे? तेव्हा तुमचा मेल उघडला जाईल आणि साहेब विचारतील, मी कुठे हो म्हटलं? गप्प बसणं म्हणजे होकार, हे आपण एकतर्फी लिहून सहसा टिकत नाही.
मी असं लिहीन: “सहा रंगांना मॅडमची पसंती आहे, साहेबांची मंजुरी बाकी आहे. मंजुरीचा मेल आल्याशिवाय सिलिंडर कोरायला देणार नाही. बुधवारपर्यंत आला तर सोमवारी प्रूफ दाखवू. उशीर झाला तर प्रूफ तितकंच पुढे जाईल.” घाई मग त्यांना होते. ठाणेकरांचा उपाय पुढच्या मीटिंगच्या वेळेसारख्या गोष्टींना चालेल, त्या फिरवता येतात.

गोरेगावची_मी: आभारच मानायचेत ना? आम्ही सरळ मिठाईचा बॉक्स पाठवतो, मेल कोण वाचतं!

अकाउंट्सवाली: मी वाचते. आमच्याकडे एकदा मेलमध्ये ‘मजकूर क्लायंट देईल’ एवढंच होतं. पाकिटावरचा एफएसएसएआयचा लायसन्स नंबर कुणी द्यायचा हे कुणालाच कळलं नाही आणि आर्टवर्क अडकून पडलं. प्रत्येक बाकी प्रश्नापुढे माणसाचं नाव आणि तारीख घाला. ‘टीम’ नावाचा माणूस कधीच उत्तर देत नाही. आभार एका ओळीत उरका.

ठाणेकर: सिलिंडरचं पटलं. पण मग तो मेल साहेबांना सीसी करणार का? मॅडमना वाटेल, हा आपल्याला डावलून वर गेला.

छापखान्यातला: मी आधी मॅडमना फोन करतो: “साहेबांना तुम्ही पाठवताय की मी सीसीत घेऊ?”

अकाउंट्सवाली: आणि त्या म्हणाल्या “मी पाठवते” आणि पाठवलाच नाही तर? मी तर सीसी करूनच टाकीन, राग येवो.

लोअरपरळकर: फोन करतो. ‘ठरलं’खाली सध्या फक्त पाकिटाचा आकार ठेवलाय, तो साहेबांनी आधीच मेलवर मंजूर केलाय. सीसीचं बॉसशी भांडून बघतो.