मांजराला आकडी आली तर : अनुभव धागा

आबोली
मिरग लागला की घरोघरी गोचिडी आणि पिसवा वाढतात, आणि पाठोपाठ "मांजर थरथरतंय, तोंडाला फेस आहे, काय करू?" असे निरोप यायला लागतात. त्या घाईत कुणाला काही आठवत नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी मांजराची आकडी हाताळली आहे किंवा जनावरांच्या दवाखान्यात काम केलं आहे, त्यांनी लिहावं. हकिकत थोडक्यात, तपशील भरपूर. त्या दोन-तीन मिनिटांत नेमकं काय करायचं आणि कारण कशावरून ओळखायचं, एवढंच हवं आहे.

सुरंगी
दवाखान्यात मदतनीस म्हणून बरीच वर्षं काढली, त्यावरून लिहिते.

आकडी सुरू झाली की सगळ्यात आधी घड्याळ बघा. बहुतेक आकड्या एक-दोन मिनिटांत थांबतात, पण बघणाऱ्याला त्या दहा मिनिटांच्या वाटतात. मोजलेली वेळ नसेल तर डॉक्टरना तुमच्या अंदाजावर चालावं लागतं. दुसरा कुणी घरात असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावं, मांजराचं तोंड आणि चारही पाय दिसतील असं.

मांजराला धरायचं नाही, उचलायचं नाही. ते बाल्कांवच्या कठड्यावर, जिन्यावर किंवा विहिरीजवळ असेल तरच अंगाखाली चादर सरकवून चादरीसकट जमिनीवर ओढून घ्या. टेबलाचे पाय, खुर्च्या बाजूला करा. डोक्याखाली पातळ घडी चालेल, जाड उशी नको, मान दुमडते. टीव्ही आणि मोठा दिवा बंद करा, पंखा मात्र चालू असू दे. आपल्याकडच्या दमट हवेत आकडीने अंग पटकन तापतं. घरातला कुत्रा आणि बाकीची मांजरं दुसऱ्या खोलीत घाला, कारण शुद्धीवर येणाऱ्या मांजराच्या अंगावर ती कधी कधी धावून जातात.

पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, चोवीस तासांत दुसरी आली, किंवा दोन आकड्यांच्या मधे मांजर पूर्ण शुद्धीवरच आलं नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, निघायचं. आकडी आपोआप थांबली आणि मांजर सावरलं, तरीही त्याच दिवशी डॉक्टरना फोन हवा.

म्हापसेकर
चांगली माहिती. दोन गोष्टी जोडतो. दातांखाली जीभ येऊ नये म्हणून कापडाची घट्ट गुंडाळी तोंडात धरावी. आणि विषबाधेचा संशय असेल तर लगेच थोडं दूध पाजावं, विष मारलं जातं. पायाचे पंजे पाण्याने ओले केले की अंगातली उष्णता उतरते.

सुरंगी
दादा, पंज्यांचं बरोबर आहे. साध्या नळाच्या पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल पंज्यांना आणि कानांना लावायचा, बर्फ नाही. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस असतं. आकडी थांबल्यावर थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून मोजता आलं आणि ते ४० च्या वर असलं तर गार करत दवाखान्यात न्या. ३९.५ पर्यंत उतरलं की थांबा, नाहीतर ते नको तितकं खाली जातं.

पण कापड आणि दूध दोन्ही नको. मांजर जीभ गिळत नाही. चावली तर थोडं रक्त येईल, तेवढं भरून येतं. तोंडात घातलेलं बोट मात्र आरपार चावलं जाईल, कारण त्या वेळी जबडा मांजराच्या ताब्यात नसतो. दूध किंवा पाणी घशाऐवजी फुप्फुसात उतरतं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. कांदा नि चप्पल हुंगवण्याचंही तसंच. आकडी तिच्या वेळेला थांबते आणि श्रेय कांद्याला जातं.

काजूबोंडू
आमची मांजरी दुपारी झोपेत पाय झाडते, मिशा हलवते, कधी बारीक आवाज काढते. रोजचंच आहे. ही आकडीच ना? आजच दवाखान्यात नेऊ?

आबोली
बाय, ते स्वप्न. हळूच हाक मारून बघ. डोळे उघडून तुझ्याकडे बघितलं तर घाबरायचं कारण नाही. आकडीतलं मांजर हाकेला उठत नाही, आणि संपल्यावरही काही वेळ घरात वाट चुकल्यासारखं फिरतं, भिंतीला आपटतं, किंवा उपाशी असल्यासारखं खात सुटतं. काहींना तर तात्पुरतं दिसतही नाही. त्या वेळी मिठी मारायला जाऊ नये, ते ओळखीच्या माणसालाही ओरबाडतं.

खाडीकिनारी
मी पशुवैद्य आहे. सुरंगीताईंनी सांगितलेल्या पाच मिनिटांच्या नियमाला एक अपवाद आहे आणि पावसाळ्यात तोच सगळ्यात जास्त महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

कुत्र्यांच्या गोचिडींसाठी मानेवर ओतायचे थेंब मिळतात. त्यांतल्या काहींमध्ये पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत ते पचवून टाकतं. मांजराच्या यकृताला ते जमत नाही, त्यामुळे औषध तसंच मज्जातंतूंपर्यंत पोचतं. हिशेब करून बघा. दहा किलोपर्यंतच्या कुत्र्याची एक नळी म्हणजे १ मिली, आणि त्यात पर्मेथ्रिन ५० टक्के, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. घरात उरलेली ही नळी कुणी चार किलोच्या मांजरावर ओतली, तर किलोमागे १२५ मिलिग्रॅम झाले. १०० च्या आसपासची मात्राही जिवावर बेतू शकते.

समजा, थेंब संध्याकाळी सातला टाकले. रात्री दहाला कान फडफडायला लागतात, चेहऱ्याची कातडी उडते, मांजर पंजे झटकत चालतं, जणू पायाला पाणी लागलंय. घरच्यांना वाटतं, औषध झोंबलं असेल. बाराला लाळ गळते, अंगभर कंप सुटतो, हात लावला की दचकतं. दोनला खरी आकडी येते. प्रत्येक मांजरात हे तास वेगळे असतात, काहींत लक्षणं दुसऱ्या दिवशी दिसतात, पण क्रम साधारण असाच.

आता अपवाद. दहा आणि बारा वाजताच्या कंपात मांजर शुद्धीवर असतं, हाकेला बघतं. ही अजून आकडी नाही, म्हणून घरचे पाच मिनिटं मोजत बसतात. कंप थांबतच नाही, मोजायचं काय? मानेवर तेलकट, चिकट केस आणि कंप, एवढं दिसलं की निघायचं. रिकामी नळी आणि खोका बरोबर आणा. "गोचिडीचं औषध" एवढ्यावर आम्हाला काही कळत नाही, घटकाचं नाव हवं.

दवाखान्यात मेथोकार्बामोल किंवा तत्सम औषधांनी कंप आटोक्यात आणतात, सलाइन लावतात, आणि मग अंग धुतात. एक ते तीन दिवस ठेवावं लागू शकतं. वेळेत आलेली बहुतेक मांजरं पूर्ण बरी होऊन घरी जातात.

म्हापसेकर
मग घरीच लगेच कडकडीत पाण्याने आंघोळ घातली तर? तेलकट औषध गरम पाण्यानेच निघेल.

खाडीकिनारी
गरम पाण्याने कातडीतलं रक्त वाढतं आणि औषध जास्त शोषलं जातं. थंड पाणीही नको. हे विष गार अंगात जास्त जोर करतं, भिजून गारठलेल्या मांजराचा कंप वाढलेला मी पाहिला आहे. कोमट पाणी आणि भांडी घासायचा द्रव साबण, दोनदा धुवायचं, लगेच टॉवेलने कोरडं करून गुंडाळायचं. मांजरांचा शांपू तेल काढत नाही, म्हणून भांड्यांचा साबण.

सुरंगी
इथे माझं मत वेगळं आहे. कंप सुरू झालेल्या मांजराला घरी धुवूच नये. हाताळल्यावर आकडी येते, आणि बादलीवर आली तर नाकातोंडात पाणी जातं. थेंब टाकून अर्धा तास झालाय आणि मांजर ठणठणीत आहे, तेव्हा धुवावं. नंतर थेट गाडी.

खाडीकिनारी
दवाखाना वीस मिनिटांवर असेल तर तुमचं म्हणणं मान्य. दिवाडी, चोडण बेटांवरच्या लोकांचं काय? फेरी रात्री केव्हा मिळेल याचा भरवसा नाही. फक्त कान उडत असतील, मांजर शुद्धीवर असेल आणि तासाभराचा उशीर नक्की असेल, तर मी फोनवर धुवायलाच सांगतो. निदान मान तरी. आधी डॉक्टरना विचारून, एवढं मात्र खरं.

आबोली
दोन्ही मतं राहू देत. ज्याने त्याने आपलं अंतर बघून आपल्या डॉक्टरना आजच विचारून ठेवावं. रात्री फोन कोण उचलतं, तेही.

कुत्र्याला लावलेलं औषध त्याच्याशेजारी झोपणाऱ्या मांजराला बाधतं का?

खाडीकिनारी
हो. अंग चाटणारी किंवा कुत्र्याच्या पोटाशी झोपणारी मांजरं यात सापडतात. कुत्र्याला पर्मेथ्रिन लावलं तर तीन दिवस दोघांना वेगळं ठेवा. गुरांच्या गोचिडीसाठी पाण्यात कालवायची सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनची औषधं याच कुळातली. गोठ्यातलं उरलेलं पाणी मांजरावर ओतू नका.

साखळीची मावशी
आमच्या बोक्याला मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. आज टोचल्यावर जेवला नाही आणि लडखडायला लागला. तोही याच प्रकारात येतो का?

सुरंगी
मावशी, तुमचं कारण वेगळं, साखर उतरली. वेळ मिनिटांची आहे. लडखडतोय पण गिळतोय, तर थोडं जेवण द्या. खात नसेल तर चमचाभर मध किंवा साखरेचा पाक ओठ बाजूला करून हिरडीला बाहेरून चोळा, बोट दातांच्या मधे जाऊ देऊ नका. सुधारला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण इन्सुलिन अंगात काम करत राहतं आणि साखर परत उतरते. पुढचं इन्सुलिन डॉक्टरना विचारल्याशिवाय टोचू नका.

दुधसागर
म्हाताऱ्या मांजराला पहिल्यांदाच आकडी आली तर? वय तेरा. घरात कसलंच औषध नाही, कुत्राही नाही.

खाडीकिनारी
त्या वयात आधी रक्तदाब आणि मूत्रपिंड बघायचं. मूत्रपिंड थकलं की रक्तदाब चढतो, त्यातून आकडीही येते आणि दृष्टीही जाते. ते ठीक निघालं तर मेंदूतल्या गाठीचा विचार, पण त्यासाठी एमआरआय लागतो आणि त्यासाठी अनेकांना गोव्याबाहेर जावं लागतं. आकडीच्या आधी कसला आवाज झाला होता, तेही आठवून बघा. काही म्हाताऱ्या मांजरांना चमचा वाटीवर आपटल्याने किंवा फॉइल चुरगळल्याने आकडी येते. आवाज टाळला की कमी होते.

एक चूक वारंवार होते. फेनोबार्बिटल सुरू झाल्यावर महिनाभर आकडी आली नाही की घरचे गोळ्या एकदम थांबवतात, आणि नंतर येणारी आकडी थांबता थांबत नाही. माणसांचं किंवा कुत्र्याचं औषधही देऊ नका. पोटॅशियम ब्रोमाइड कुत्र्याला चालतं, मांजराच्या फुप्फुसाला त्रास करतं.

दुधसागर
पहिल्या आकडीनंतरच गोळ्या सुरू कराव्यात की दुसरीची वाट बघावी? दोन डॉक्टरांनी दोन सांगितलं.

खाडीकिनारी
एकच, छोटी, आणि तपासण्या स्वच्छ असतील तर मी थांबतो आणि वहीत तारीख, वेळ, किती सेकंद हे लिहायला सांगतो. पाच मिनिटांवर गेली असेल तर थांबत नाही. दुसरे डॉक्टर आधी सुरू करत असतील तर तेही चूक नाही.

काजूबोंडू
रस्त्यावरच्या मांजराला आकडी आली तर हात लावायचा का?

सुरंगी
उघड्या हाताने नाही. लस न घेतलेल्या मांजरात रेबीज विसरायचा नाही. गोव्यात मिशन रेबीजच्या लसीकरणाचा भर कुत्र्यांवर आहे, त्यामुळे मोकाट मांजराला लस मिळालेली असेलच असं धरू नका. वरून टोपली किंवा पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला, रहदारी थांबवा आणि फोन करा. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन सुरू करा, जखम कितीही बारीक असली तरी.

साखळीची मावशी
मध चोळला, मग दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले साखर फार खाली होती. आजचा दिवस तिथेच ठेवलाय.