तक्ता हिरवागार, म्हणजे सीझन चांगला?

अंधेरी स्लो: "नवी सिरीज घेण्याआधी मी एपिसोडवार रेटिंगचा तक्ता बघतो. शेवटपर्यंत चौकोन हिरवे तर बघायची, लाल दिसले तर सोडायची. वेळ वाचतो. यात चूक काय?"

गिरगावकर: अरे, मागे कोण उरलंय ते तक्त्यात दिसतं का? समज, पहिल्या सीझनला शंभर जणांनी मत दिलं. साठ जण खूश, त्यांचे ९. चाळीस जण कंटाळले, त्यांचे ५. सरासरी ७.४. ते चाळीस पुढचा सीझन कशाला बघतील? उरले साठ भक्त. लिखाण घसरलं, तेही हिरमुसले, ९ चे ८ झाले. तक्त्यात मात्र ७.४ वरून ८! बघणाऱ्या प्रत्येकाला सीझन आधीपेक्षा वाईट वाटला आणि तुझा चौकोन आणखी हिरवा. आधी मतांचा आकडा बघ, मग रंग.

खिडकीची सीट: काहीही. मग 'गेम ऑफ थ्रोन्स' कसा आपटला? २०१९ चा शेवटचा भाग ४ च्या आसपास. भक्त उरून वाढायला हवा होता ना?

गिरगावकर: शेवट बघायला सगळे परत येतात, आणि रागावलेला माणूस ५ देत नाही, थेट १ देतो. घसरण दिसली तर तिच्यावर थोडा तरी विश्वास ठेवेन. आकडा टिकला, यावर नाही.

मुलुंडची मावशी: आमच्या सासूबाई एक मालिका सहा वर्षं शिव्या घालत बघतायत. नायिकेची स्मृती दोनदा गेली, लीप झाला, तरी साडेसातला रिमोटला हात लावायचा नाही. कुठे गेले तुमचे चाळीस जण?

अंधेरी स्लो: मावशी, इथे डेली सोपचं काय काम?

मुलुंडची मावशी: का? सबटायटल लावून बघितलं की ती कला, आणि आम्ही पोळ्या लाटत बघतो तो टाइमपास?

खिडकीची सीट: मी तर लोकलमध्ये दीडपट वेगाने बघतो. दादरला गर्दी चढली की अर्धा सीन गेला. तरी रेटिंग देतो.

गिरगावकर: वा! म्हणजे त्या चौकोनात दादरची गर्दीही धरलेली आहे.

खिडकीची सीट: टोमणे नकोत. हजारो मतांत माझ्या एकट्याने काय फरक पडतो?

गिरगावकर: बरं, राहिलं. पण 'ब्रेकिंग बॅड'चा 'फ्लाय' घ्या. जवळजवळ सगळा भाग लॅबमध्ये, दोघं एका माशीच्या मागे. रेटिंगमध्ये त्या मालिकेच्या तळाला. मला तो फार आवडतो. ते लिखाण घसरलेलं नाही, लोकांना मारामारी हवी होती.

अंधेरी स्लो: तो मी तक्ता बघून गाळला होता. ठीक आहे, बघतो. पण मतं कमी झाली तरी सिरीज चांगली असू शकते ना? पहिल्या भागाला मतं जास्त असतातच.

गिरगावकर: असू शकते. म्हणून एक-दोन भागांकडे नको बघू, अख्ख्या सीझनची मतं आधीच्या सीझनशी ताडून बघ. तरी चुकशीलच कधीतरी.

मुलुंडची मावशी: सासूबाईंच्या शिव्या मोजा, त्या दर सीझनला वाढल्यात.