चार ओळींचा निरोप

«नोकरी न शोधणाऱ्या माणसाला व्हॉट्सॲपवर पदाची माहिती चार ओळींत कशी द्यावी? माझे निरोप वाचले जातात, पण उत्तर येत नाही.»

बंद स्क्रीनवर सूचनेत निरोपाची सुरुवातच दिसते, म्हणून तिथे ‘नमस्कार, उत्तम संधी आहे’ लिहून जागा घालवू नये. शिवाय कारखान्यात शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने ‘नोकरी’ हा शब्द वाचला, तर समोरचा माणूस उगाच अडचणीत येतो. शिरोलीतील एखाद्या फाउंड्रीत स्थिरावलेल्या, ओतकामाची पद्धत ठरवणाऱ्या मेथड्स इंजिनिअरला कागलच्या पदासाठी मी असे लिहीन:

कागल पंचतारांकित एमआयडीसी, एसजी आयर्न फाउंड्री, मेथड्स.
नव्या कास्टिंगचे गेटिंग आणि रायझरिंग पूर्णपणे तुमच्याकडे राहील.
सीटीसी ९ ते ११ लाख, जनरल शिफ्ट, कोल्हापुरातून कंपनीची बस.
रस असल्यास ‘हो’ एवढेच कळवा, संध्याकाळी सातनंतर फोन करतो.

यात खरे वजन दुसऱ्या ओळीला आहे, कारण सुखात असलेला माणूस पगाराइतकाच आपल्या हाती नवे काय येणार हे पाहतो, आणि ‘आव्हानात्मक जबाबदारी’ या शब्दांतून त्याला काहीच कळत नाही. पगाराचा पल्ला मात्र लिहावाच, आणि तो सीटीसीचा की हातात पडणारा, हेही स्पष्ट करावे. कधी रात्रपाळी करावी लागणार असेल, तर ती तिसऱ्या ओळीतच सांगावी. मुलाखतीत ती बाहेर आली की माणूस तिथूनच परत फिरतो. कंपनीचे नाव गोपनीय असल्यास ते फोनवर सांगावे, पण ठिकाण लपवू नये.