पहिला छोटा गेम पूर्ण केलेल्यांचे अनुभव : कोड, चित्रं आणि गोष्ट

वाटाड्या

गेम बनवण्याच्या धंद्यात असलेले किंवा हौसेने एक तरी गेम शेवटाला नेलेले बरेच जण इथे आहेत, हे अधूनमधून कळत असतं. त्यांनी लिहावं म्हणून हा धागा. गेम कितीही लहान चालेल, पण पूर्ण हवा. पूर्ण म्हणजे तुम्ही शेजारी नसताना एका अनोळखी माणसाने तो सुरू केला, संपवला आणि वाटलं तर पुन्हा सुरू केला. (अर्धवट महाकाव्यांसाठी वेगळा धागा काढू. तो बराच लांबेल.) कोड, चित्रं आणि गोष्ट ही तिन्ही एकमेकांच्या वाटेत कुठे आली, तेवढं जरूर लिहा.

कंदीलवाला

मी पोटापाण्यासाठी वेबसाइटींचं प्रोग्रॅमिंग करतो आणि गेमकडे वळायचा विचार आहे. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरून एक गेम केला. अंधारं घर, पाच खोल्या, हातात कंदील. तेल कमी होतं तसं उजेडाचं वर्तुळ लहान होतं. प्रत्येक खोलीत कंदील पुन्हा भरायला मिळतो, फक्त तिथवर पोचलं पाहिजे. नियम हा एवढाच. शत्रू नाहीत, उड्या नाहीत.

गोष्ट भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमधून कळते, आणि चिठ्ठी वाचतानाही तेल जळतं. या एका निर्णयाने माझ्यातल्या लेखकाचे हात बांधले. भरलेला कंदील माझ्या मशीनवर साधारण 24 सेकंद टिकतो. आधीच्या चिठ्ठ्या शंभर-सव्वाशे शब्दांच्या होत्या. मिनिटाला 200 शब्दांच्या वेगाने त्या वाचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं, म्हणजे चिठ्ठी संपायच्या आत अंधार. मग 25 शब्दांची मर्यादा घातली. आता एका चिठ्ठीला सात-आठ सेकंद लागतात, जवळजवळ एक तृतीयांश तेल जातं, आणि वाचायचं की पुढे पळायचं हे खेळणाऱ्याला ठरवावं लागतं.

आता अडचण. सगळ्यांना गेम पार करता येतो, एकाला मात्र येत नाही. तो म्हणतो दहा सेकंदांत दिवा विझतो. त्याने व्हिडिओ पाठवलाय आणि खरंच विझतो. फाइल तीच, आवृत्ती तीच.

जुनंखोड

तेल कमी करणारी ओळ टाका. आणि त्या गृहस्थाचा मॉनिटर किती हर्ट्झचा आहे ते विचारा.

कंदीलवाला

मॉनिटर 144 चा. माझा 60 चा. ओळ ही :

```
func _process(delta):
    oil -= 0.07
```

जुनंखोड

वाटलंच. `_process` प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नवं चित्र येईल तेव्हा, एकदा चालतं. तुमच्याकडे सेकंदाला 60 वेळा 0.07 वजा होतात, म्हणजे 4.2. 100 तेल 24 सेकंद पुरतं. त्याच्याकडे 144 वेळा वजाबाकी होते, म्हणजे सेकंदाला 10 च्या वर, आणि तेल दहा सेकंदांत खलास. `delta` मध्ये मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मिळतं. त्याने गुणा, म्हणजे हिशेब फ्रेमऐवजी सेकंदांत होईल :

```
func _process(delta):
    oil -= 4.2 * delta
```

असं आणखी कुठे लपलंय का ते तपासायला वेगवान मॉनिटर विकत घ्यायची गरज नाही. सुरुवातीला `Engine.max_fps = 30` लिहून गेम चालवा. जे काही निम्म्या वेगाने चालताना दिसेल, ते फ्रेमवर अवलंबून आहे. चालण्याचा वेग, झुळूक, संगीत हळूहळू मोठं होणं, सगळं एकदा बघून घ्या.

बिनधास्त

एवढं कशाला? ती ओळ `_physics_process` मध्ये टाका, प्रश्न मिटला. मी सगळं तिथेच टाकतो.

जुनंखोड

आज मिटेल. ते ठरावीक ठोक्याने चालतं, मुळात सेकंदाला 60. उद्या धडका नीट बसेनात म्हणून कोणी तो ठोका 120 केला, की तेल दुप्पट वेगाने जळायला लागेल आणि कारण शोधत बसाल. `delta` ने तिथेही गुणायचंच.

रेघोटी

मी चित्रकार. आता एका लहान स्टुडिओत गेमची चित्रं करते. कंदीलवाल्यांचा गेम वाचून पहिलं मनात आलं ते असं : कंदील कुठल्या हातात आहे?

चालण्याच्या एका आवर्तनाला सहा फ्रेम, म्हणजे सहा चित्रं धरा. चार दिशांच्या झाल्या 24. पेटलेला आणि विझलेला असे दोन संच केले की 48, आणि यात अजून थांबणं, वाकणं, दार उघडणं काहीच आलेलं नाही. म्हणून सगळेच डावीकडचं चित्र उलटं करून उजवीकडे वापरतात. मग उजव्या हातातला कंदील वळताक्षणी डाव्या हातात जातो. माझ्या पहिल्या गेममध्ये तलवार होती, तिचंही हेच व्हायचं. कंदील वेगळं चित्र म्हणून काढायचा आणि प्रत्येक फ्रेमला हाताच्या जागी बसवायचा, हा एक उपाय. पेटलेला-विझलेला संचही त्यामुळे वाचतो. दुसरा उपाय, काहीच करायचं नाही. खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात येतं.

पिक्सेल आर्ट सोपं म्हणून नवखे तिकडे वळतात. 16 पिक्सेलांचं माणूस लवकर काढून होतं हे खरं, पण तेवढ्या जागेत एक ठिपका सरकला की चेहऱ्याचा भाव बदलतो. शिवाय पडद्याचा हिशेब आधी करावा लागतो. मी 320 बाय 180 वर काढते, कारण चौपट केलं की 1280 बाय 720 आणि सहापट केलं की 1920 बाय 1080, दोन्ही अचूक बसतात. 1366 बाय 768 च्या लॅपटॉपवर पूर्णांकी पट बसत नाही. तिथे कडेला काळी पट्टी सोडायची, नाहीतर काही ठिपके जाड आणि काही बारीक दिसतात. ते बारीक-जाड ठिपके पाहिले की मला गेम खेळवत नाही. व्यवसायाचा रोग.

काळजीवाहू

चांगला धागा. आमचे चिरंजीव दिवसभर गेम खेळतात आणि यातच करिअर करणार म्हणतात. खेळण्याचा एवढा अनुभव पुरतो का? आणि लॅपटॉप कोणता घ्यावा?

वाटाड्या

काळजीवाहू, धागा गेम बनवण्याबद्दल आहे, खेळण्याबद्दल नाही. पण जुनंखोड, तुम्ही माणसं निवडता ना? दोन शब्द सांगा त्यांना.

जुनंखोड

लॅपटॉप आहे तोच राहू द्या. त्याला आवडत्या गेममधली एकच गोष्ट, समजा उडी, स्वतः बनवायला सांगा. आठवड्याभरानंतरही तो उडी किती उंच असावी यावर वाद घालत असेल तर त्याला ही आवड आहे. कंटाळला असेल तर तो खेळणारा आहे, त्यातही वाईट काही नाही.

आता मूळ विषय. आमच्याकडे अर्ज येतात त्यात लिंक असते. ब्राउझरमध्ये गेम उघडला तर मी खेळतो. झिप उतरवा, उलगडा, अँटिव्हायरसला समजवा असं असेल तर बहुतेक वेळा राहून जातं. म्हणून पहिला गेम ब्राउझरमध्ये चालेल असाच करा. itch.io या गेमच्या साइटवर टाकताना झिपच्या आत `index.html` सर्वांत वरच्या पातळीवर हवी. विंडोजवर कोडमध्ये `Lamp.png` आणि फाइल `lamp.png` असली तरी एडिटरमध्ये चालून जातं, बाहेर काढलेल्या गेममध्ये मात्र ते चित्र गायब होतं. नावं सगळी लहान अक्षरांत ठेवा. तिसरं, खेळणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही. सुरुवातीच्या पानावरचं ‘सुरू करा’ हे बटण तुम्हाला ते क्लिक मिळवून देतं. ते पान नसलं की पहिल्या दृश्याचं संगीत मुकं जातं.

पानाखाली स्वतः काय केलं ते स्पष्ट लिहा. ‘कोड आणि चिठ्ठ्या माझ्या, चित्रं मोफत संचातली’ असं लिहिलेलं मला आवडतं. सगळं स्वतः केलंय असं भासवणारे दुसऱ्या प्रश्नालाच सापडतात.

बिनधास्त

पण सगळं येणाऱ्यालाच मागणी जास्त असते ना? मी म्हणून तिन्ही शिकतोय.

जुनंखोड

पाच माणसांच्या स्टुडिओत, हो. मोठ्या ठिकाणी जागा कामानुसार निघतात : गेमप्ले प्रोग्रॅमर, अ‍ॅनिमेटर, लेव्हल डिझायनर, कथालेखक. तिथे एक गोष्ट चांगली आणि बाकीची बोलण्यापुरती यावी लागते. टेक्निकल आर्टिस्ट हा अपवाद. त्याचं कामच चित्रकार आणि प्रोग्रॅमर यांच्या मधलं, शेडर म्हणजे रंग-उजेड ठरवणारा कोड लिहा, चित्रकारांसाठी छोटी साधनं बनवा. अशी माणसं सहज मिळत नाहीत.

रेघोटी

सहमत नाही. मी चित्रकार म्हणूनच लागले, पण मुलाखतीत अर्धा वेळ मी स्वतः कोड केलेल्या तलवारीवरच बोलणं झालं.

पाल्हाळ

मी लेखनाकडून आले. पहिला गेम ट्वाइनमध्ये, कारण तिथे नुसतं लिहिलं तरी गेम होतो. प्रत्येक प्रसंगाला दोन पर्याय द्यायचे ठरवलं. फांद्या परत जुळवल्या नाहीत तर दहा प्रसंगांनंतर 1024 शेवट लिहावे लागतात. ते कोणी लिहीत नाही. दोन-तीन पावलांनी फांद्या एकाच प्रसंगात आणायच्या आणि खेळणारा आधी कसा वागला ते लक्षात ठेवायचं, ही रीत :

```
(set: $lied to true)
```

पुढे कधीतरी बहीण विचारते, “मागच्या वेळीही असंच म्हणाला होतास ना?” हे वाक्य `$lied` खरं असेल तरच दिसतं. एका वाक्यात खेळणाऱ्याला वाटतं की गेमला सगळं आठवतंय. माझ्या गेममध्ये अशा चारच खुणा आणि तीन शेवट होते.

नोकरीत मात्र माझं निम्मं लिखाण तक्त्यांमध्ये असतं. एका ओळीत एक संवाद, शेजारी कोण बोलतो, कुठल्या अटीवर, जास्तीत जास्त किती अक्षरं. तीच ओळ दुसऱ्या भाषेत लांबते आणि बटणाबाहेर जाते, म्हणून थोडी जागा सोडूनच लिहायचं.

मराठीत गेम करणाऱ्यांसाठी एक सूचना. गोडो 4 मध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतात, पण ब्राउझरसाठी काढताना देवनागरी फाँट प्रकल्पातच घाला. कॉम्प्युटरवर गोडो यंत्रणेचा फाँट उसना घेतो आणि सगळं छान दिसतं. ब्राउझरमध्ये उसनं मिळत नाही, नुसते चौकोन येतात.

आणि कंदीलवाले, चिठ्ठी वाचताना तेल जळणं मला पटत नाही. 200 हा वेग सराईत वाचकाचा. माझी आई प्रत्येक शब्दावर थांबून वाचते. तिच्यासाठी हा गेम अंधारातच संपणार.

कंदीलवाला

`delta` घातलं, त्या मित्राचा गेम पार झाला. आता तो म्हणतो फारच सोपा आहे, म्हणजे आधीच्या अवघडपणात मजा होती! असो. 30 फ्रेमवरही तपासलं, उजेडाचं थरथरणं तेवढं मंद झालं, ते दुरुस्त करतोय.

पाल्हाळ, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण वाचताना तेल थांबवलं तर वाचण्याची किंमतच उरत नाही. मग चिठ्ठ्या शंभर शब्दांच्या का नकोत, हा प्रश्न परत येतो.

रेघोटी

तेलाचा वेग खेळणाऱ्याला ठरवू द्या ना. सेटिंगमध्ये एक सरकपट्टी, 4.2 च्या जागी एक व्हेरिएबल.

पाल्हाळ

सेटिंग उघडून बघणाऱ्यातली माझी आई नाही. पहिल्या खोलीतली चिठ्ठी तेल न जाळता वाचू द्या, तिला किती वेळ लागला तो मोजा आणि पुढचा वेग त्यावरून ठरवा.

कंदीलवाला

आणि कोणी पहिली चिठ्ठी उघडून फोन घ्यायला गेलं तर?