शिफारसपत्राचा मसुदा सरांनी मलाच लिहायला सांगितला आहे. मदत हवी आहे

नमस्कार. मी सोलापुरात एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकते. एका संशोधन संस्थेतील उन्हाळी इंटर्नशिपसाठी मला एका प्राध्यापकांचे शिफारसपत्र हवे आहे. विभागप्रमुखांचे पद मोठे असले, तरी डाळिंबावरील तेल्या रोगाच्या जिवाणूंवरचा माझा प्रकल्प ज्या सरांनी प्रत्यक्ष पाहिला, त्यांचेच पत्र अधिक खरे ठरेल असे वाटल्याने मी त्यांना विनंती केली, आणि त्यांनी ती मान्यही केली.

इंटर्नशिपची जाहिरात, अंतिम तारीख, गुणपत्रिका, एक पानाचा परिचय आणि अर्जातील माझे निवेदन मी त्यांना ईमेलने पाठवले आहे. पत्र संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांनी स्वतः चढवायचे आहे. त्याची लिंक त्यांच्या महाविद्यालयीन ईमेलवर येईल, हेही कळवले आहे. मात्र वेळेअभावी त्यांनी मसुदा मलाच आणायला सांगितला आहे.

स्वतःविषयी 'मेहनती, हुशार' असे लिहिणे मला पटत नाही, आणि अशा शब्दांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी रोगट पानांवरून जिवाणू वेगळे करताना वाढपात्रात वारंवार बुरशी येत होती, तेव्हा पानांच्या निर्जंतुकीकरणाची पद्धत मी कशी बदलली, अशा त्यांनी पाहिलेल्या प्रसंगांची टिपणे द्यावीत आणि मूल्यमापनाची वाक्ये त्यांच्यासाठी मोकळी सोडावीत, असा विचार आहे. सरांचा अवमान न होता हे कसे सुचवावे? प्राध्यापक म्हणून अशी पत्रे लिहिणाऱ्यांना आणखी कोणती माहिती उपयोगी पडते?